खंडाळ्याचा घाट, बँकर इंजिने आणि ‘शून्य बल’

“कर्जत-लोणावळा घाटात गाडी एकसारख्या वेगाने चढते, म्हणजे त्वरण शून्य, म्हणजे बल शून्य, मग शक्ती लागतेच कशाला? चढही जेमतेम दीड अंशाचा. मागून ढकलणारी जादा इंजिने, म्हणजे बँकर, फक्त गाडी जागची हलवण्यापुरती असतात. वेग निम्मा करा, निम्म्या शक्तीत एकच इंजिन गाडी वर नेईल, आणि वीजही निम्मीच लागेल.”

हा युक्तिवाद पहिल्याच पायरीवर घसरतो. त्वरण शून्य असताना जे शून्य होते ते निव्वळ बल, इंजिनाचे बल नव्हे. चढावर गाडीच्या वजनाचा उताराच्या दिशेचा घटक तिला सतत मागे ओढत असतो आणि चाकांचा व हवेचा विरोध त्यात भर घालतो. या दोहोंच्या बेरजेइतकेच बल इंजिन पुढे लावत असते, म्हणून वेग ना वाढतो ना घटतो. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग, P = F × v, या सूत्रातील F हे इंजिनाचे बल आहे. तेथे निव्वळ बल घातले की उत्तर शून्य येणारच, पण ते भलत्याच प्रश्नाचे उत्तर असते.

दीड अंश हा आकडा बरोबर आहे. या घाटातील, म्हणजेच बोरघाटातील, सर्वांत तीव्र चढ ३७ मीटरला १ मीटर आहे, आणि त्याचा कोन साधारण तेवढाच भरतो. मात्र रेल्वेच्या दृष्टीने तो प्रचंड आहे. मुख्य इंजिनासह १,२०० टनांची एक गाडी धरू. पोलादी चाक पोलादी रुळावर फार कमी विरोधाने फिरते, त्यामुळे सपाटीवर मंद वेगात तिला टनामागे सुमारे २० न्यूटन, म्हणजे एकूण २४ किलोन्यूटन बल पुरते. तिचे वजन ११,७६० किलोन्यूटन. त्याचा सदतिसावा भाग ३१८ किलोन्यूटन. वळणांचा वाढीव विरोध बाजूला ठेवला तरी घाटात एकूण ३४२ किलोन्यूटन बल लागते, म्हणजे सपाटीच्या चौदापट.

आता वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर घेऊ. (सूत्रात सरळ ३६ घालणारेही बरेच भेटतात; त्यांची शक्ती साडेतीन पटींहून अधिक फुगते.) ३४२ किलोन्यूटन गुणिले १० म्हणजे ३,४२० किलोवॅट, अर्थात सुमारे ४,६०० अश्वशक्ती. ही शक्ती जाते कुठे, हेही पडताळता येते. गाडी दर सेकंदाला रुळावर १० मीटर पुढे सरकते तेव्हा ती २७ सेंटीमीटर उंच चढते, आणि १,२०० टन दर सेकंदाला तेवढे उचलायलाच जवळजवळ ३,१८० किलोवॅट खर्ची पडतात. उरलेले २४० विरोधावर मात करण्यात जातात.

वेग निम्मा केला की शक्ती १,७१० किलोवॅटवर येते, येथवरचे म्हणणे मान्य. पण बल ३४२ किलोन्यूटनच राहते, कारण गाडीचे वजन आणि चढ या दोहोंनाही वेगाशी देणेघेणे नाही. बँकरची गरज ठरते ती या बलावरून. चाकांच्या सहा जोड्यांचे, सुमारे १२० टनांचे विद्युत इंजिन रुळावर किती जोर लावू शकेल, हे त्याच्या अश्वशक्तीइतकेच चाक आणि रूळ यांच्यातील पकडीवर अवलंबून असते. कोरड्या रुळावर ही पकड इंजिनाच्या वजनाच्या पंचवीस ते तीस टक्के धरली, तर २९४ ते ३५३ किलोन्यूटन मिळतात. पावसाळ्यात ती वीस टक्क्यांवर आली की २३५ उरतात. म्हणजे एकटे इंजिन चांगल्या दिवशीही काठावर आणि जुलैत साफ अपुरे. तेव्हा होते असे, की इंजिनाची चाके वेगाने फिरू लागतात, वेगमापकाचा काटा वर उडतो आणि गाडी मात्र मंदावत जाते. अशा वेळी रुळावर वाळू सोडतात आणि लोको पायलटला जोर वाढवण्याऐवजी कमी करावा लागतो, कारण घसरत्या चाकाची पकड आणखी घटते.

म्हणूनच कर्जतला मागे जोडलेली बँकर इंजिने गाडी सुटल्यावर बाजूला होत नाहीत, चढभर ढकलत राहतात. दोन बँकर स्वतःचे २४० टन घेऊन येतात, त्यामुळे एकूण बल ४१० किलोन्यूटनपर्यंत चढते. पण ते तिघांत वाटले की प्रत्येकाला सुमारे १३७, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या बारा टक्क्यांहूनही कमी. ओल्या रुळावरही एवढी पकड मिळते. शिवाय मागून ढकलल्यामुळे पुढच्या डब्यांच्या कपलिंगवरचा ताण घटतो, ज्याचा विचार शक्तीच्या हिशेबात कुठेच डोकावत नाही.

विजेचे म्हणाल, तर बँकर नसलेल्या त्याच गाडीला चढाच्या एका किलोमीटरला ३४२ किलोन्यूटन गुणिले १,००० मीटर, म्हणजे ९५ युनिट ऊर्जा चाकांपाशी लागते. निम्म्या वेगाने शक्ती निम्मी झाली तरी वेळ दुप्पट लागतो, म्हणून युनिट तेवढेच राहतात. हवेचा विरोध थोडा घटेल, पण डब्यांतील दिवे, पंखे आणि वातानुकूलन दुप्पट वेळ चालू राहील.