बोंडअळीची स्लाइड आणि नऊ ओळी

प्रतिक्रिया: सर, स्लाइडवर शब्द कमी ठेवा हे शहरातल्या शाळेत चालत असन. आमच्या जि.प. शाळेत सातवीच्या पोराईले वहीत उतरवून घ्या लागते. स्लाइडवर काही लिहिलंच नाही तर ते काय उतरवतीन? मी गुलाबी बोंडअळीच्या जीवनचक्राची स्लाइड केली: नऊ ओळी अन् कोपऱ्यात पतंगाचा फोटो. वर्गाच्या खिडक्याईले पडदे नाहीत, दुपारी प्रोजेक्टरवर फोटो निव्वळ काळा डाग दिसते. अक्षरं तरी वाचता येतात. मग चित्रावर भर काहून द्यावा?
(एक शिक्षिका, यवतमाळ जिल्हा)

उत्तर: मॅडम, वहीत उतरवायचा मजकूर फळ्यावर लिहा. फळा प्रोजेक्टरच्या शेजारीच आहे आणि या कामाला तो स्लाइडपेक्षा सरस आहे. स्लाइडवर नऊ ओळी एकदम उमटल्या की पोरं लगेच खाली मान घालून लिहायला लागतात. तुम्ही बोलता ते कानावरून जातं आणि कोपऱ्यातला पतंग कोणी बघत नाही. हळू लिहिणारा तिसऱ्या ओळीवर असतो तेव्हा पुढच्यांचं संपलेलं असतं, म्हणून तुम्हाला पुढची स्लाइडही घेता येत नाही. फळ्यावर मजकूर तुमच्या हाताच्या वेगानं येतो, पोरांचा हात त्याच्या मागोमाग चालतो. शिवाय लाइन गेली तरी लिहिलेलं जागेवर राहतं.

क्रम असा ठेवा. आधी चित्र दाखवून चार-पाच मिनिटं बोला, प्रश्न विचारा. मग स्लाइड शो चालू असतानाच कीबोर्डवरचं `B` दाबा, पडदा काळा होतो. आता फळ्यावर चार ओळी लिहा. लिहून झालं की पुन्हा `B` दाबा, चित्र परत येतं आणि पोरं वहीतली नावं चित्राशी ताडून बघतात. तुमच्या नऊ ओळी फेकू नका, स्लाइडखालच्या `Notes` च्या जागेत टाका. `Presenter View` मध्ये त्या तुम्हाला दिसतात, वर्गाला दिसत नाहीत.

तुमचं म्हणणं एका बाबतीत मात्र खरं आहे. चित्र दाखवत बोलताना तेच बोलणं पडद्यावर पूर्ण लिहिलेलं असेल तर शिकण्यात अडथळा येतो, हे रिचर्ड मेयर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांतून दिसलं आहे. पण शिकवण्याची भाषा मुलाच्या घरची नसेल, किंवा शब्द अगदी नवा असेल, तिथं हा नियम सैल होतो. घरी कोलामी, गोंडी किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलाला ‘कोष’ हा शब्द नुसता ऐकून पुरत नाही, तो दिसलाही पाहिजे. म्हणून नवा शब्द स्लाइडवर हवाच, तोही चित्राला चिकटून. चित्र वर आणि नावांची यादी खाली असं केलं की पोरगं नुसतं वर-खाली बघत बसतं.

आता तुमचीच स्लाइड घेऊ. एका स्लाइडच्या पाच करा. पहिल्या चारांवर एकेक अवस्था, पूर्ण पडदाभर चित्र आणि एकच शब्द: अंडी, अळी, कोष, पतंग. पाचवीवर चारही लहान चित्रं गोलात आणि मध्ये बाण. मुलांनी आधी प्रत्येक अवस्था मोठी पाहिलेली असते, त्यामुळे तिथं चित्रं लहान असली तरी चालतात.

अळीचा फोटो नेटवर शोधत बसू नका, पऱ्हाटी वर्गाबाहेरच उभी असते. किडकं बोंड फोडा, पांढऱ्या कागदावर ठेवा आणि व्हरांड्याच्या सावलीत मोबाइलनं फोटो घ्या. थेट उन्हात सावली गडद पडते आणि तीच अळीसारखी दिसते. शेजारी कंपासपेटीतली पट्टी ठेवायला विसरू नका, कारण चारही चित्रं एकाच मापाची झाली की पोरांना अंडं पतंगाएवढं वाटतं. खरं तर अंडं अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं आणि पूर्ण वाढलेली अळी साधारण एक सेंटिमीटर. साध्या मोबाइलमध्ये अंडं नीट येणार नाही, ते जाड रेषेनं काढा आणि बाजूला ‘खूप मोठं करून’ असं लिहा. डोमकळीचा, म्हणजे अळीनं पाकळ्या चिकटवून बंद केलेल्या फुलाचा, फोटो मिळाला तर अळीच्या स्लाइडनंतर तो एक जास्तीचा ठेवा. पोरांनी ती शेतात पाहिलेली असते, आत कोण बसलंय ते मात्र पाहिलेलं नसतं.

काळ्या डागाचं कारण असं की प्रोजेक्टर काळा रंग टाकूच शकत नाही. जिथं काळं हवं तिथं तो प्रकाश टाकत नाही, एवढंच. मग तिथं भिंतीवरचा खिडकीचा उजेड दिसतो. म्हणजे उजेडाच्या खोलीत सगळ्या गडद छटा एकाच मळकट राखाडीत मिसळतात. तपकिरी पतंग गडद हिरव्या पानावर बसलेला असेल तर दोघंही त्या राखाडीत जातात. दोष तुमच्या फोटो घेण्याचा नाही, त्याच्या पार्श्वभूमीचा आहे. `Crop` नं पतंग चौकटभर आणा, `Remove Background` नं पान काढून टाका आणि `Corrections` मधून उजळपणा थोडा वाढवा. स्लाइडची पार्श्वभूमी पांढरी ठेवा. निळ्या किंवा काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं लॅपटॉपवर देखणी दिसतात, पण तुमच्या वर्गात फिकी पडतील. गुलाबी अळी म्हणून अक्षरंही गुलाबी करण्याचा मोह अनेकांना होतो. पांढऱ्यावर ती दुपारी दिसत नाहीत, काळीच बरी.

फोटो टिकेल की नाही हे शाळेत जायच्या आधी कळतं. `View` मध्ये जाऊन `Grayscale` निवडा. रंग गेल्यावर पतंग आणि पान वेगळे ओळखू येत नसतील तर वर्गातही येणार नाहीत. तरीही जमत नसेल तर फोटो सोडा आणि जाड काळ्या रेषेचं चित्र वापरा. रेषा निदान ३ पॉइंटची हवी.

आणि अक्षरं वाचता येतात म्हणता, ती शेवटच्या रांगेतून वाचून बघा. नऊ ओळी भरल्या की पॉवरपॉइंट अक्षर आपोआप बारीक करतं, बहुधा तुमचं २० पॉइंटवर आलं असेल. नेहमीच्या स्लाइडची उंची ५४० पॉइंट असते. भिंतीवर चित्र एक मीटर उंच पडत असेल तर २० पॉइंट म्हणजे ३७ मिलिमीटर, आणि त्यात शिरोरेषेपासून पायापर्यंतचं अक्षर निम्मं, म्हणजे १८ धरा. शेवटची रांग ७ मीटरवर असेल तर अंतराचा निदान तीनशेवा भाग, म्हणजे २३ मिलिमीटर लागतात. भिंतीवर उजेड असेल तर दोनशेवा, म्हणजे ३५. त्यासाठी ४० पॉइंट पडतात. त्या मापात नऊ ओळी स्लाइडवर मावतच नाहीत, चार शब्द आरामात मावतात. आपोआप बारीक होणं थांबवायला `Do not Autofit` निवडा.

घरी तपासायचं तर वर्गातल्या चित्राच्या उंचीच्या किती पट दूर शेवटची रांग आहे ते बघा. वरच्या हिशोबात सात पट. लॅपटॉपची स्क्रीन साधारण १९ सेंटिमीटर उंच असते, तेव्हा सव्वा-दीड मीटर मागे उभं राहून वाचा. ओळींमधलं अंतर १.२ ठेवा. पॉवरपॉइंटचं नेहमीचं ०.९ मराठीला अपुरं पडतं, वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. कृतिदेवमध्ये केलेली स्लाइड पेनड्राइव्हवरून शाळेच्या संगणकात नेली आणि तिथं तो फॉन्ट नसला, तर ‘कोष’च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी उमटते.