झाडपाल्याची गोळी, आदल्या रात्रीचे दोन पेग आणि पहाटेची गाडी

गेल्या महिन्यात माझा मोठा भाऊ पहाटे सहा वाजता गाडी घेऊन निघाला आणि पंधरा-वीस मिनिटांतच शेजारी बसलेल्या वहिनींना रस्त्याच्या कडेच्या पट्टीवरून चाक जात असल्याची घरघर ऐकू आली. दादाचे डोळे उघडेच होते. वहिनींनी हाक मारली तेव्हा तो दचकला. गाडी बाजूला घेतल्यावर त्याचे पहिले वाक्य होते, "अगं, मी झोपेची गोळी घेतलीच नव्हती, ती नुसती झाडपाल्याची होती." हे वाक्य मला त्या घरघरीपेक्षाही धोकादायक वाटते.

त्या गोळीत व्हॅलेरियनच्या मुळाचा अर्क होता आणि सोबत पॅशनफ्लॉवर, म्हणजे कृष्णकमळाच्या एका जातीचा अर्क. मेंदूत गाबा नावाचे एक रसायन असते, ते चेतापेशींची धावपळ मंदावते. व्हॅलेरियनमधील व्हॅलेरेनिक आम्ल गाबाच्याच ग्राहींवर काम करून त्याचा परिणाम वाढवते. पॅशनफ्लॉवरही त्याच यंत्रणेच्या आसपास काम करत असावे, असे प्रयोगशाळेतील अभ्यास सुचवतात. मद्यही नेमके याच यंत्रणेला हात घालते, आणि लोराझेपामसारख्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्याही. झाडाच्या मुळातून आलेले असो वा कारखान्यातून, मेंदूला त्याचे मूळ गाव कळत नाही.

दादाची ती रात्र आम्ही नंतर बसून तासातासाने मांडली. साडेनऊ ते साडेदहाच्या दरम्यान त्याने साठ मिलीचे दोन पेग घेतले होते, म्हणजे साधारण 40 ग्रॅम अल्कोहोल. शरीर तासाला साधारण सात-आठ ग्रॅम अल्कोहोलच निकाली काढते, त्यामुळे अकरा वाजता त्याने गोळी घेतली तेव्हा मद्याचा बराच मोठा भाग अजून अंगात होता आणि दोन्हींची गुंगी एकमेकांवर चढली. झोप पटकन लागली, म्हणून त्याला गोळी 'लागू पडली' असे वाटले. मग तीनच्या सुमारास त्याला टक्क जाग आली. त्यात नवल नाही. मद्य उतरू लागले की रात्रीच्या उत्तरार्धातील झोप उथळ आणि तुटक होते. दादाला मात्र गोळीचा जोर कमी पडला असे वाटले आणि त्याने अंधारातच दुसरी गोळी घेतली. सहा वाजता तो स्टिअरिंगवर बसला तेव्हा ती गोळी पोटात जाऊन जेमतेम तीन तास झाले होते, आणि एकूण झोपही तुटकी झाली होती.

व्हॅलेरियन रक्तात सर्वाधिक प्रमाणात पोहोचते ते साधारण एक-दोन तासांनी, आणि निरोगी माणसांवरील एका छोट्या अभ्यासात त्याचा अंश निदान पाच तासांपर्यंत मोजता आला होता. शिवाय माणसागणिक आणि उत्पादनागणिक यात बराच फरक पडतो. पहाटेच्या त्या झापडीत दुसऱ्या गोळीचा वाटा किती आणि अपुऱ्या झोपेचा किती, हे मी वेगळे करून सांगू शकत नाही. गाडी चालवणाऱ्याला ते वेगळे करण्याची गरजही नसते. ताशी 80 किलोमीटर वेगाने जाताना चार सेकंदांची डुलकी लागली तर गाडी जवळजवळ 90 मीटर कोणाच्याही ताब्यात नसते.

युरोपीय औषध संस्थेच्या माहितीपत्रकात या दोन्ही वनस्पतींबाबत वाहन आणि यंत्रे चालवण्याची क्षमता कमी होऊ शकते, असे स्पष्ट लिहिलेले आहे. दादाच्या बाटलीवरही बारीक अक्षरांत ती सूचना होती. ती त्याने वाचली होती, पण 'नैसर्गिक' हा शब्द त्याहून मोठ्या टायपात छापलेला होता.

आता माझे मत. ज्या संध्याकाळी मद्य घेतले, त्या रात्री ही गोळी घेऊच नये, थोडी घेतली आणि थोडी नाही असा मधला हिशेब करू नये. मध्यरात्रीनंतर जाग आली तर दुसरी गोळी कधीही घेऊ नये. पहिल्यांदा घेणाऱ्याने अशी रात्र निवडावी, जिच्या दुसऱ्या दिवशी गाडी किंवा यंत्र चालवायचे नाही, आणि सकाळी उठल्यावर डोके जड आहे का, वाचलेली ओळ पुन्हा वाचावी लागते का, हे घरच्यांनाही विचारावे. कारण गुंगीतल्या माणसाला स्वतःची गुंगी नीट कळत नाही. व्हॅलेरियनचे द्रवरूप थेंब अनेकदा मद्यार्कातच बनवलेले असतात, तेव्हा बाटलीवरचे घटक पाहावेत. सर्दीची झोप आणणारी गोळी, चिंतेवरील किंवा झोपेवरील औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

आणि हा सगळा धोका पत्करून मिळणारा फायदाही फार खात्रीचा नाही. अमेरिकेतील निद्राविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2017 सालच्या मार्गदर्शक सूचनांत निद्रानाशावर व्हॅलेरियन वापरू नये असेच सुचवले आहे. दादाने गोळी सोडली आणि पहाटेच्या प्रवासाच्या आदल्या रात्रीचे पेगही. त्या प्रवासाचा पहिला तास हल्ली वहिनी गाडी चालवतात.