फोटोवाल्याचा मेसेज आला? उघडू नका

लग्न मे महिन्यात झालं. मांडव निघाला, पाहुणे गेले, उरलेल्या बुंदीला मुंग्या लागल्या. आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, तुम्ही बियाण्याच्या दुकानासमोर रांगेत उभे असताना, मोबाईल वाजतो.

"नमस्कार काका. लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ एडिट करून तयार आहेत. ठरलेले ७५,०००. बुकिंगला १५,००० आणि हळदीच्या दिवशी ३५,००० मिळाले. बाकी २५,०००. बाकी जमा झाली की पेनड्राइव्ह घेऊन जा. अल्बमसाठी १५० फोटोंचे नंबर कळवा, म्हणजे लॅबला पाठवता येईल."

मेसेज फार वाईट आहे, कारण तो स्वच्छ आहे. आकडे आहेत, वजाबाकी बरोबर आहे, काय मिळणार तेही लिहिलं आहे. भांडायला जागाच नाही. म्हणून पहिला नियम: उघडायचा नाही. वरच्या पट्टीत येतं तेवढंच वाचायचं. चुकून उघडलाच, तर आधी पोराकडून निळ्या टिका बंद करून घेतलेल्या असाव्यात. आपल्या तालुक्यात निम्म्या टिका त्याचसाठी बंद आहेत.

त्याचा फोन आला तर उचला. न उचलणं बरं दिसत नाही. उचलून म्हणा, "अरे बाप्पा, तुह्ये पैसे काय पयून चालले का? पेरनी करून राह्यलो ना." पेरणीसमोर कोणी बोलत नाही. पेरणीनंतर डवरणी, मग फवारणी, मग पोळा. दिवाळीच्या आसपास सोयाबीन निघतं, पण "भाव पाहून राह्यलो". कापूस विकला की "चुकारा नाही आला". माघात तूर. तोवर पुढच्या सीझनची लग्नं लागतात आणि तो कॅमेरा घेऊन दुसऱ्याच्या मांडवात उभा असतो.

आता खरं सांगायचं तर यातलं अर्धं खोटं नसतं. शेतातला पैसा हंगामालाच येतो, हे त्यालाही ठाऊक आहे; त्याच्या बापाचीही पाच एकर कोरडवाहू आहे. फक्त एक गोष्ट त्याच्यासमोर काढू नका. डीजेवाल्याचे पैसे त्याच रात्री दिले होते, नाहीतर वरात चौकातच थांबली असती. आचारी, मांडववाला, घोडीवाला, सगळे जागेवर मोकळे झाले. ज्याचं काम मांडव निघाल्यावर सुरू होतं, तोच मागे राहतो. यात तुमचा काय दोष? त्यानंही डीजे लावायला हवा होता.

त्याच्या ७५,०००चा हिशेब तुम्ही करू नका. मी करतो, तुम्ही विसरा. आधी मिळालेल्या ५०,०००मधून ड्रोनवाला आणि व्हिडिओवाला दोन दिवसांचे पैसे घेऊन गेले, गाडीचं पेट्रोल गेलं, दोन हार्ड डिस्क आल्या, कॅमेऱ्याचा हप्ता गेला. नागपूरच्या लॅबला अल्बमचे पैसे छापायच्या आधी द्यावे लागतात. उरलेले २५,००० म्हणजे लग्नानंतरचा महिनाभर रात्री बसून २,८०० फोटो चाळणं, मे महिन्याच्या उन्हानं काळवंडलेले चेहरे उजळणं आणि हळदीत पिवळे झालेले दात पांढरे करणं. थोडक्यात, बाकी म्हणजे त्याची मजुरी. एवढी समजूत असूनही उशीर करता आला, तरच तुम्ही खरे यजमान.

अल्बमचे नंबर ही तर लक्ष्मीच आहे. त्यानं नंबर टाकलेले, बारीक साइजचे, मधोमध स्टुडिओचं नाव असलेले सगळे फोटो निवडायला दिलेत. चाळीस पानी अल्बम, म्हणजे वीस पसरट पानं. एकेका पसरट पानावर सात-आठ फोटो, म्हणून १५०. तुम्ही एक तर काहीच निवडू नका, नाही तर ४१२ निवडा. नंबर नाहीत तर अल्बम लॅबला जात नाही. अल्बम आला नाही तर काम अपुरं. आणि काम अपुरं असताना पैसे कसे मागतो रे? हा फास त्याच्या गळ्यात आपोआप बसतो, तुम्हाला फक्त बसून राहायचं आहे. सहा महिन्यांनी पारावर म्हणा, "सहा महिने झाले, अजून अल्बम नाही दिला त्यानं." हे वाक्य शब्दशः खरं असतं, ही त्यातली मजा.

तरी तो हटला नाही तर खोट काढा. आत्याचा एकही फोटो नाही, असं म्हणा. आत्या अक्षदांच्या वेळी साडीवरून रुसून गाडीत बसली होती, हे त्याला माहीत नसतं.

मग भाच्याला पुढे करा. घरात एक भाचा असतोच ज्याला सगळं येतं. तो म्हणेल, "मामा, कायदाच आहे. १९५७चा. मोबदला देऊन फोटो काढून घेतले तर हक्क काढून घेणाऱ्याचा." वेगळा करार नसेल तर हे खरंच आहे. फक्त 'मोबदला' हा शब्द त्याला जरा हळू उच्चारायला सांगा. आणि फोटोवर हक्क असला, तरी ज्या डिस्कवर ते आहेत ती डिस्क फोटोवाल्याच्याच कपाटात आहे.

भाच्याचा दुसरा उपाय जास्त चांगला. फोटोवाल्याला गोड बोलून म्हणायचं, "दहा-पंधरा फोटो व्हाट्सअपवर टाक ना, स्टेटसले." तो भोळा असेल तर स्टुडिओचं नाव न टाकता पाठवतो. तेच घेऊन भाचा शहरात स्वस्तात अल्बम छापून आणतो. पण मूळ फोटो आडवा ६,००० ठिपक्यांचा असतो. नेहमीसारखा पाठवला की व्हाट्सअप त्याचे साधारण १,६०० करतं. चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात, म्हणजे हा फोटो पाच इंचापर्यंतच नीट राहतो. अल्बमचं एक पान अठरा इंच रुंद. तिथे तो ताणला की इंचाला नव्वद ठिपकेही उरत नाहीत. मोबाईलवर झक्क दिसलेली नवरी छापल्यावर धुक्यातून आल्यासारखी दिसते, आणि डोळ्यांतलं काजळ गालावर पसरल्यासारखं. पाहुण्यांना सांगा, आजकाल अशीच फॅशन आहे.

मधे त्याचा आणखी एक मेसेज येईल: "काका, डेटा मार्चपर्यंत ठेवतो, पुढच्या सीझनला डिस्क रिकामी करावी लागते." याकडे धमकी म्हणून बघा आणि गावभर सांगा. एका लग्नाचे मूळ फोटो आणि व्हिडिओ मिळून शंभर-दोनशे जीबी सहज होतात, हे कोणाला सांगायची गरज नाही.

आणि मग एखाद्या पौषात आजी जाते. तेरवीला फ्रेम हवी. आजीचा चांगला फोटो कुठेच नाही. आधार कार्डावरचा आहे, त्यात ती घाबरलेली दिसते. लग्नात मात्र ती नवं नऊवारी नेसून मांडवाच्या खांबाला टेकून हसत बसली होती. रात्री साडेदहाला तुम्ही फोटोवाल्याला फोन करता. तो पहिल्या रिंगला उचलतो. वीस मिनिटांत फोटो येतो, डॉक्युमेंट करून पाठवलेला, पूर्ण साइजचा, स्टुडिओच्या नावाशिवाय, मागचे पाहुणे पुसून. खाली एवढंच: "काका, फ्रेम १२ बाय १८ करा, चांगली येईल."

बाकीचा एक शब्दही नाही. यावर तुम्ही हात जोडल्याचं चित्र पाठवायचं आणि फोन पालथा ठेवायचा. तेरवी झाली की तो परत मेसेज करेल. तोवर टिका बंद आहेत ना, एकदा पोराला विचारून घ्या.