गटाच्या सहलीत किलोमीटरआधी तास मोजावे लागतात

वाचकाची प्रतिक्रिया : "मोटरसायकलवरच्या आठ जणांच्या गटाला दिवसाला २४० किलोमीटरची मर्यादा घालणे हा अतिसावधपणा आहे. मी एकटा दिवसात ५०० किलोमीटर सहज जातो. थांब्यांना आणि पावसाला एवढे घाबरायचे असेल, तर मित्रांची निम्मी सुटी हॉटेलातच जाईल."

सरळ, मोकळ्या महामार्गावर एकट्याने ५०० किलोमीटर जाणे शक्य आहे, याबद्दल दुमत नाही. मात्र एकट्याचा थांबा त्याला वाटेल तेव्हा संपतो, तर गटाचा थांबा सर्वांत सावकाश आवरणाऱ्याच्या हातमोज्यांवर अवलंबून असतो. म्हणून २४० हा आकडा तासांच्या हिशेबातून आला आहे, आणि तो हिशेब मांडतो.

समजा, गट सकाळी साडेसात वाजता निघाला. वाटेत ९० किलोमीटर घाट आणि १५० किलोमीटर साधा रस्ता आहे. वळणांवर ताशी सरासरी ३५ आणि पुढे ५५ किलोमीटर धरले, तर चाके फिरण्याचाच वेळ सुमारे ५ तास २० मिनिटे होतो. त्यात वीस वीस मिनिटांचे तीन थांबे, जेवणाचा एक तास, एकाच पंपावर आठ गाड्यांत पेट्रोल भरण्याची २५ मिनिटे आणि ज्यासाठी हा रस्ता निवडला त्या चार देखाव्यांपाशी पंधरा पंधरा मिनिटे मिळवा. मुक्काम सव्वाचारला येतो. सूर्यास्त सव्वासहाचा असेल, तर हाती दोन तास उरतात.

आता त्याच दिवसात ११० किलोमीटर साधा रस्ता वाढवून ३५० करू. प्रवासाचे दोन तास, आणखी एक थांबा आणि पेट्रोलची दुसरी फेरी धरता मुक्काम सात वाजता येतो, म्हणजे पाऊस नसताना आणि काहीही न बिघडताही शेवटचा पाऊण तास अंधारात जातो.

ते दोन तास कशासाठी राखायचे, हे पावसात कळते. ओल्या घाटात सरासरी ३५ वरून २५ वर आली, तर तेवढ्याच ९० किलोमीटरला एक तास जास्त लागतो. आठ जणांनी रेनकोट चढवणे आणि नंतर उतरवून बांधणे यात अर्धा तास जातो. दीड तास असा संपला की पंक्चरसाठी जेमतेम अर्धा तास राहतो, आणि ट्यूब असलेल्या चाकाला तोही अपुरा पडू शकतो. शिवाय उंचीबरोबर हवा गार होते, साधारणपणे हजार मीटरला ६.५ अंशांनी. वर १० अंश तापमान असेल आणि गाडी ताशी ६० ने चालली, तर उघड्या त्वचेला ते ५ अंशांसारखे भासते. भिजलेल्या हातमोज्यातील बोटे ब्रेकच्या लिव्हरवर मंदावतात. थांबण्याचे ते पुरेसे कारण आहे. डोंगरात गडगडाटी पाऊस बहुधा दुपारनंतर येतो, म्हणून देखण्या रस्त्याचा भाग मी सकाळीच ठेवतो आणि दिवसाला असा एकच मोठा भाग घेतो.

थांब्यांविषयी तुमची तक्रार सर्वांत मागच्या गाडीवर बसून पाहावी. पुढचा चालक वळणातून बाहेर पडून वेग वाढवतो तेव्हा मागचे अजून वळणातच असतात, मग प्रत्येक जण अंतर भरून काढण्यासाठी थोडा अधिक वेग घेतो, आणि आठव्यापर्यंत तो बराच वाढलेला असतो. यासाठी सर्वांत नवखा चालक म्होरक्याच्या लगेच मागे आणि अनुभवी चालक शेवटी असावा, तसेच घाटात दोन ओळींऐवजी एकेरी रांगेत जावे. थकवा कोणी तोंडाने कबूल करत नाही (मित्रांसमोर तर नाहीच), पण तो दिसतो : वळून गेल्यावरही इंडिकेटर चालू राहतो, ब्रेक उशिरा लागतो, गाडी वळणात बाहेरच्या कडेकडे सरकते. शेवटच्या चालकाला यातले एक जरी वारंवार दिसले, तरी ठरलेल्या थांब्याची वाट न पाहता थांबावे. एरवी सव्वा ते दीड तासाने थांबणे पुरते.

राखीव वेळ संपत आला हे ओळखण्यासाठी एक वेळ आधीच ठरवावी. वरच्या उदाहरणात पहिला थांबा आणि चारही देखावे घाटातच धरले, तर गट साडेअकराच्या सुमारास खाली उतरायला हवा. तेथेच एक वाजला असेल, तर उरलेले अंतर, जेवण, पेट्रोल आणि दोन थांबे धरून मुक्काम सहाला दहा कमी असताना येईल. अशा वेळी नकाशात आधीच हेरून ठेवलेला जवळचा रस्ता घ्यावा किंवा अलीकडचा मुक्काम धरावा. हा निर्णय निघण्यापूर्वी सर्वांच्या संमतीने झालेला असला, की भिजलेल्या आठ जणांना रस्त्याच्या कडेला मतदान करावे लागत नाही.

हॉटेलात सुटी जाण्याची तुमची शंका मात्र रास्त आहे. कोरड्या दिवशी गट सव्वाचारला पोहोचला, तर सामान खोलीत ठेवून, ज्यांच्या अंगात त्राण आहे त्यांनी हलक्या गाड्यांवर तीस-चाळीस किलोमीटरची फेरी मारावी आणि बाकीच्यांनी खुशाल पाय पसरावेत. सपाट रस्त्याचा दिवस असेल, तर ३०० किलोमीटरलाही माझी हरकत नाही.