फोन करण्याआधी लाइन आणि वाय-फाय वेगळे करून बघा

ग्राहकाचा अभिप्राय, एक तारा: "१०० चा प्लॅन घेतलाय, बेडरूममध्ये मोबाइलवर ११ मिळतात. तीनदा फोन केला, तिन्ही वेळा 'राउटर बंद-चालू करा' एवढंच. दोन दिवसांनी माणूस आला, पाच मिनिटांत 'लाइन ओके आहे' म्हणाला आणि गेला. संध्याकाळी व्हिडिओ कॉल तुटतो तो तुटतोच. आधी काय तपासायचं ते तरी नीट सांगा."

मालकाचं उत्तर:

नमस्कार. तुमचा राग रास्त आहे आणि त्याबद्दल मी मनापासून माफी मागतो. आमच्या माणसाने राउटरला वायरने लॅपटॉप जोडला, ९४ एमबीपीएस दिसले आणि तो परत निघाला. लाइन चांगली होती हे खरं, पण तुमची अडचण राउटरपासून बेडरूमपर्यंतच्या मधल्या टप्प्यात होती आणि तिथे तो गेलाच नाही. नंतर मी स्वतः येऊन तपासलं. त्या भेटीतले आकडे तुमच्या परवानगीने इथे देतो, कारण नवीन कनेक्शन घेतलेल्या कुणालाही याच क्रमाने जाता येईल.

सगळ्यात आधी फायबरच्या डब्यावरचे दिवे बघा. एलओएस लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल तर डब्यापर्यंत प्रकाशच पोचत नाहीये. अशा वेळी घरी काहीही करून उपयोग नाही, थेट फोन करा. बारीक फायबर वायर ओढू नका, तिला घडी घालू नका.

दिवे नेहमीसारखे असतील तर राउटर बंद-चालू करून बघायला हरकत नाही, पण ते एकदाच आणि नीट. प्लग काढा, अर्धा मिनिट थांबा, परत लावा, आणि दिवे स्थिर होईपर्यंत तीन-चार मिनिटं द्या. मागच्या बाजूला बारीक भोकात असलेलं रीसेटचं बटण मात्र दाबू नका. त्याने राउटरमधलं लॉगिन आणि वाय-फायचं नाव पुसलं जातं. हळू चालणारं नेट मग पूर्णच बंद पडतं, आणि घरी माणूस पाठवावा लागतो.

आता मुख्य तपासणी. घरातले बाकीचे मोबाइल आणि टीव्ही वाय-फायवरून काढा, लॅपटॉप वायरने राउटरला जोडा, लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा, व्हीपीएन असेल तर तेही बंद करा, आणि स्पीड टेस्ट तीनदा घ्या. १०० च्या प्लॅनवर ९० ते ९५ दिसले तर लाइन उत्तम आहे. ३०० च्या प्लॅनवरही आकडा ९४ च्या आसपासच अडकत असेल, तर बहुतेक वेळा ती वायर किंवा तिचं पोर्ट १०० वर चालतंय. त्या वायरीत तारांच्या चार जोड्या असतात. गिगाबिटला चारही लागतात, १०० ला दोनच पुरतात. उरलेल्या दोनपैकी एक जोडी तुटली की गिगाबिटचा वेग मिळत नाही, पण १०० चा चालू राहतो, म्हणून बिघाड लक्षात येत नाही. वायर बदलून पुन्हा टेस्ट घ्या. लॅपटॉप किंवा पोर्ट नसेल, तर मोबाइल घेऊन राउटरपासून दोन मीटरवर उभे राहा आणि पुढे सांगतो त्या ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर टेस्ट घ्या. आकडा वायरइतका पक्का नसतो, पण अंदाज येतो.

तुमच्याकडे वायरवर ९४ आणि बेडरूममध्ये ११, म्हणजे फरक वाय-फायनेच पाडला होता. राउटर टीव्हीच्या कपाटात, टीव्हीच्या मागे होता. मोबाइल २.४ गिगाहर्ट्झवर होता. या पट्ट्याची लहर भिंतीतून लांब जाते, पण तिथे वेग कमी असतो आणि शेजाऱ्यांची वाय-फाय, ब्लूटूथ, चालू मायक्रोवेव्ह हे सगळे त्याच जागेत भांडतात. ५ गिगाहर्ट्झवर वेग जास्त, पण दोन भिंतींनंतर तो पट्टा थकतो. राउटर कपाटाबाहेर काढून उघड्या फळीवर, डोक्याच्या उंचीवर ठेवला आणि मोबाइल नावापुढे `5G` असलेल्या वाय-फायला जोडला. त्याच पलंगावर बसून ६८ मिळाले. (हे `5G` मोबाइल कंपनीचं नव्हे, ते ५ गिगाहर्ट्झ.) तुमच्या यादीत एकच नाव दिसत असेल, तर राउटर दोन्ही पट्टे स्वतःच वाटून देतो. तेव्हा निदान राउटर उघड्यावर आणा.

संध्याकाळचा व्हिडिओ कॉल मात्र यानंतरही अडखळत होता. ते कोडं सोडवायला विंडोज लॅपटॉपची वायर काढली, तो वाय-फायला जोडला, आणि त्यावर कमांड प्रॉम्प्ट उघडून या दोन ओळी एकापाठोपाठ चालवल्या. पहिल्या ओळीतला पत्ता तुमच्या राउटरखालच्या स्टिकरवर असेल तो घाला.

```
ping -n 20 192.168.1.1
ping -n 20 8.8.8.8
```

पहिली ओळ तुमच्या राउटरपर्यंत जाऊन येते, दुसरी बाहेरच्या सर्व्हरपर्यंत. पहिल्यातच आकडे शंभरांत उड्या मारत असतील किंवा `Request timed out` येत असेल, तर दोष वाय-फायचा. तुमच्याकडे पहिली ३ मिलिसेकंद दाखवत होती, पण दुसरी १२ वरून ३०० च्या वर जात होती. म्हणजे घरातलं वाय-फाय आता ठीक होतं, आणि बाहेर जायचा रस्ता कुणीतरी भरून टाकत होतं. घरातले दोन मोबाइल दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ संध्याकाळी बॅकअपला चढवत होते. तुमच्या प्लॅनमध्ये अपलोड २० आहे. तो त्यांनीच व्यापला, आणि कॉलमधला तुमचा आवाज व चित्र रांगेत मागे अडकलं. स्पीड टेस्टच्या डाउनलोडच्या आकड्यात हे दिसत नाही, म्हणून लोक फसतात. बॅकअप थांबवताच आकडा १४ वर आला. तो आता रात्री उशिरा चालू ठेवा, कॉलला अडथळा येणार नाही.

फोन नेमका कधी करायचा हेही सांगतो, कारण आमची जबाबदारी तिथून सुरू होते. वायरने जोडलेलं, बाकी सगळं बंद, तरी प्लॅनच्या निम्म्याहून कमी मिळतंय, असं सकाळी, दुपारी आणि रात्री दिसलं तर लगेच कळवा. सकाळी पूर्ण आणि रात्री रोज निम्मं मिळत असेल तर ती आमच्या बाजूची गर्दी आहे. तुमच्या घरात त्यावर उपाय नाही, तो आम्हीच करायचा. फोनवर तीन वेळांचे आकडे, वायरने घेतले की वाय-फायवर, आणि एलओएस दिव्याची स्थिती एवढं सांगा. आमच्या फोनवरच्या मंडळींना आता हेच प्रश्न विचारायला लावले आहेत, आणि घरी जाणारा माणूस तुम्ही जिथे बसून काम करता त्या खोलीतही टेस्ट घेतल्याशिवाय तक्रार बंद करणार नाही.

पुढच्या आठवड्यात त्या पलंगावरचा आकडा पुन्हा ४० च्या खाली गेला, तर याच अभिप्रायाखाली लिहा. दोन भिंतींपलीकडे वायरने जोडलेला दुसरा ॲक्सेस पॉइंट बसवावा लागेल का, ते मी स्वतः येऊन बघेन.