सागवानी व्हिनियरला आलेले फुगे आणि उचललेल्या कडा: दुकानाचं उत्तर

★☆☆☆☆
«भवानी पेठेतल्या या दुकानातून सागवानी व्हिनियर आणि पांढरा गोंद घेतला. मुलीच्या अभ्यासाच्या टेबलाच्या एमडीएफ फळीला इस्त्रीने लावलं. दुसऱ्याच दिवशी मधोमध फुगे आले आणि आठवड्याभरात कडा वर आल्या. गोंद धड नाही, व्हिनियर हलकं. पैसे पाण्यात.»

नमस्कार ताई,

तुम्ही फोनवर बोललात आणि उचललेली कडा वाकवून आतल्या बाजूचे फोटो पाठवलेत, त्याबद्दल आभार. वरच्या बाजूच्या फोटोवरून काहीच ठरवता येत नाही. व्हिनियर का सुटलं ते त्याच्या पाठीवर दिसतं.

तुमच्या फोटोत दोन जागी दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. मधल्या फुग्याजवळ तुम्ही ब्लेडने उघडून दाखवलंत तिथे गोंद दुधट पांढरा आहे. कडेला मात्र व्हिनियरच्या पाठीवर गोंदाचा पातळ, पारदर्शक थर आहे आणि त्याच्यासमोरची एमडीएफ जवळजवळ कोरडी, तपकिरीच दिसते. म्हणजे फुगे एका कारणाने आले आणि कडा दुसऱ्या कारणाने सुटल्या.

आधी फुग्यांचं. पांढऱ्या गोंदात जवळजवळ निम्मं पाणी असतं. इस्त्रीच्या पद्धतीत हा गोंद ओला असताना चिकटवायचाच नसतो. व्हिनियरच्या पाठीवर आणि फळीवर तो वेगवेगळा लावायचा, दोन्हीकडे पूर्ण वाळू द्यायचा आणि मग इस्त्रीच्या उष्णतेने ते दोन वाळलेले थर पुन्हा मऊ करून एकमेकांत मिसळवायचे. आत पाणी उरलं असेल तर इस्त्री टेकताच त्याची वाफ होते. अर्धा मिलिमीटर जाडीचं व्हिनियर ती वाफ दाबून ठेवू शकत नाही, ते फुगतं. शिवाय ओलाव्याने व्हिनियर रेषांच्या आडव्या दिशेने पसरतं, त्यामुळे फुगा नंतर खाली बसला तरी जास्तीच्या रुंदीला जागा उरत नाही.

तुम्ही म्हणालात की गोंद बोटाला लागेनासा झाल्यावरच इस्त्री फिरवली. पुण्याच्या पावसाळी हवेत बोटावर विसंबू नका. दुधावर साय धरावी तशी वरची कातडी वाळते आणि खाली ओल राहते. त्यापेक्षा रंग बघा. ओला गोंद पांढरा असतो, वाळला की काचेसारखा होतो. एकही पांढरट ढग दिसेनासा होईपर्यंत थांबायचं. उन्हाळ्यात अर्ध्या-पाऊण तासात हे होतं, जुलैत पंखा लावूनही दीड-दोन तास लागू शकतात. वाळताना व्हिनियर गुंडाळलं जातं. तसं होऊ लागलं तर गोंद नसलेल्या बाजूवर ओलं फडकं अगदी हलकं फिरवायचं, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या ओढतात. ती ओलसुद्धा इस्त्रीआधी पूर्ण जाऊ द्यायची.

आता कडा. एमडीएफ पहिला हात पिऊन टाकते, म्हणून फळीला दोन हात लागतात आणि व्हिनियरला एक. कडेशी ब्रश उचलला जातो, त्यामुळे तिथला थर मुळातच पातळ पडतो. कडेच्या दोन-तीन इंचांच्या पट्ट्याला आणखी एक हात द्यावा असं मी प्रत्येकाला सुचवतो. दुसरं, सँडपेपर हाताने घासताना फळीची कड नकळत गोल होते आणि तिथे व्हिनियर टेकतच नाही. पेपर सपाट ठोकळ्याला गुंडाळूनच घासायचा. तिसरं, तुम्ही व्हिनियर आधीच फळीच्या मापाला कापलं होतं. उष्णतेने ते वाळतं आणि रुंदीत आकसतं, म्हणून चारही बाजूंनी अर्धा इंच जास्त ठेवायचं आणि सगळं थंड झाल्यावरच जादा भाग कापायचा. कापताना ब्लेड आतल्या दिशेने चालवायचं, बाहेर ओढलं की कड उचलते.

इस्त्री कॉटनवर ठेवायची, वाफ बंद. मध्ये खाकी कागद ठेवायचा. मधून सुरुवात करून कडेकडे सरकायचं, म्हणजे हवेला बाहेर जायला वाट राहते. पण इस्त्रीने फक्त गोंद मऊ होतो. तो धरतो थंड होताना, आणि तेही दाब असेल तरच. म्हणून एका हातात इस्त्री आणि दुसऱ्या हातात गुळगुळीत लाकडी ठोकळा हवा. इस्त्री पुढे गेली की मागच्या जागेवर ठोकळा जोर देऊन दाबायचा आणि ती जागा कोमट होईपर्यंत हलवायचा नाही. घरी काम करणारे बहुतेक जण नेमकं हेच सोडतात, कारण इस्त्री फिरवताना सगळं सपाट दिसत असतं.

तुमचं टेबल वाया गेलेलं नाही. त्यावर अजून पॉलिश चढलेलं नाही, हे फार बरं झालं. आता आतला गोंद वाळला असेल. कागद ठेवून फुग्यावर इस्त्री फिरवा, लगेच ठोकळा दाबा आणि थंड झाल्यावर नखाने टिचकी मारत जा. भरीव आवाज आला तर तिथलं काम झालं. पोकळ आवाज राहिला तर फुग्यावर रेषेच्या दिशेने ब्लेडने चीर द्या, आडवी कधीच नको. सुई नसलेल्या सिरिंजने थोडा गोंद आत सोडा, वर आलेला पुसा आणि प्लॅस्टिकचा कागद ठेवून रात्रभर वजन ठेवा. इथे इस्त्री नको, कारण गोंद ओला आहे. चिरेच्या कडा एकमेकांवर चढल्या तर केसाएवढी पट्टी छाटावी लागेल. ती खूण अगदी जवळून दिसेल, हे आधीच सांगून ठेवतो.

सुटलेल्या कडेत दोन्ही बाजूंना ब्रशने गोंद लावा आणि व्हिनियर काड्यांनी उचलून ठेवा. दोन्हीकडे गोंद पारदर्शक झाला की काड्या काढून इस्त्री आणि ठोकळा.

व्हिनियर आणि गोंद हलके आहेत हे मला मान्य नाही. जिथे दोन्ही बाजूंना गोंद होता आणि तो वाळलेला होता, तिथे तुमच्याच फोटोत व्हिनियर सोलताना लाकडाचे तंतू फळीला चिकटून राहिलेले दिसतात. चांगल्या जोडाची हीच खूण असते. गोंद धड नसता किंवा व्हिनियर खराब असतं तर असं झालं नसतं. मात्र या गोंदाची एक मर्यादा आहेच: जो उष्णतेने मऊ होऊन धरतो, तो उष्णतेने पुन्हा मऊही होतो. अभ्यासाच्या टेबलाला हे चालतं. जेवणाच्या टेबलावर कुकर थेट ठेवणार असाल तर ही पद्धत मी सुचवत नाही. तिथे उष्णतेने मऊ न होणाऱ्या गोंदाने प्रेसखाली चिकटवून घ्यावं.

शनिवारी दुपारनंतर दुकानात गर्दी कमी असते. फळी रिक्षात मावत असेल तर घेऊन या, पहिल्या दोन फुग्यांवर मी स्वतः काम करून दाखवतो आणि बाकीचे तुम्ही माझ्यासमोर करा. कडेसाठी लागणारा गोंद आणि सिरिंज दुकानातून देतो, त्याचे पैसे नकोत. घरचीच इस्त्री आणा, म्हणजे तिचा कॉटनचा आकडा खरोखर किती तापतो ते तिथेच कळेल.