अगं, गॅस बंद कर

लेकीचं बंगळूरहून फर्मान आलं. "बाबा, ओमला 'वदनि कवळ' शिकवायचंय. 'माझ्या मागून म्हण' असा व्हिडिओ करून पाठवा ना." चार ओळींचा श्लोक, जन्मभर म्हणत आलोय. मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवला आणि दोन मिनिटांत काम उरकलं.

संध्याकाळी ओमचं पाठांतर आलं. "...हरीचे. ...फुकाचे." एवढंच! मी ओळ संपवून दोन सेकंद थांबत होतो. पोरगं ऐकून, जुळवून तोंड उघडेपर्यंत आजोबा पुढच्या ओळीवर. त्याच्या हाती नुसती शेपटं.

मग नीट बघितलं. श्लोक मालिनी वृत्तातला. ओळीत १५ अक्षरं आणि आठव्यावर यती. म्हणजे रचणाऱ्यानेच घास करून ठेवलेत! "वदनि कवळ घेता", थांबा, "नाम घ्या श्रीहरीचे". चार ओळींचे आठ घास. थांबायचं किती? तोच तुकडा मनात, ओमच्या गोगलगायीच्या चालीने, दोनदा म्हणून होईपर्यंत. एकदा त्याला आठवायला, एकदा म्हणायला.

शिवाय खुणा. हात छातीवर, माझी पाळी. तळहात पुढे, तुझी पाळी. 'कवळ' म्हणताना मी आ करून दाखवला, तर ओम ओरडला, "आजोबांची कवळी!" मग खराखुरा वरणभाताचा घास हातात धरला. 'उदरभरण'ला पोटावरून हात फिरवला, 'नोहे'ला मान हलवली. यावर तर मी फारच खूश होतो. दुसऱ्या दिवशी ओम ताटावर बसला, पोट चोळलं, मान हलवली. लेकीने ताट उचललं आणि ओव्याचं पाणी पाजलं. घास दाखवता येतो, 'पोट भरणं नव्हे' कसं दाखवणार? ती खूण काढून टाकली, शेवटी नुसते हात जोडले.

तिसरा व्हिडिओ अगदी जमत आला होता. फक्त ते थांबणं फार अवघड हो! मोबाइलकडे तळहात पसरून, हसऱ्या चेहऱ्याने, गप्प. देवळाबाहेर बसल्यासारखं वाटतं. "सहज हवन होते" म्हणून असाच हात पसरलेला असताना कुकरची चौथी शिट्टी झाली आणि मी सवयीने ओरडलो, "अगं, गॅस बंद कर!" पुन्हा पहिल्यापासून करायचा कंटाळा आला, तसाच पाठवला.

आता ओम आठही घास न अडखळता म्हणतो. "सहज हवन होते" झालं की तळहात पुढे करून तोंडाने शिट्टी वाजवतो आणि आईला फर्मावतो, "अगं, गॅस बंद कर!"

मी चौथा व्हिडिओ करून पाठवला. त्यात शिट्टी नाही म्हणून ओमने तो नापास केला. परवा लेकीचा फोन आला. "बाबा, राहू दे तोच. परवा खरंच गॅस चालू राहिला होता."